शिल्लक राहिलेला मदतनिधी: ‘सर्व काही समाईक’ या वचनावरच्या एका उपदेशाचं प्रकरण

चाळीसेक कुटुंबांच्या एका ख्रिस्ती मंडळीत मदतनिधी होता. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यासाठी वेगळी पेटी फिरायची, खजिनदार हिशेब चोख ठेवायचे आणि वार्षिक सभेत आकडे वाचून दाखवायचे. त्या वर्षी जमा झालेल्यातले अर्ध्याहून जास्त पैसे तसेच पडून राहिले. काही पंचांना त्याचं समाधान वाटलं. आपल्यात फारसं कुणी अडचणीत नाही, असा त्यांनी अर्थ काढला. तरीही दातृत्वाची सवय मोडू नये म्हणून, बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या ज्या दुसऱ्या अध्यायात ‘सर्व काही समाईक’ हे वचन आहे, त्यावर उपदेश करावा, अशी त्यांनी मला विनंती केली.

त्याच वर्षी मंडळीतल्या एका घरातल्या कर्त्या माणसाची नोकरी गेली होती. आधी ते कुटुंब मागच्या बाकावर बसू लागलं, मग कधीमधी येऊ लागलं, मग यायचंच थांबलं. घरभाडं थकलं आणि त्यांनी राहतं घर सोडलं, तेव्हा कुठे मंडळीला कळलं. उपदेशाची तयारी करताना मी त्यांना भेटायला गेलो. निधीची त्यांना पूर्ण माहिती होती. किंबहुना नोकरी असताना ते स्वतः दर महिन्याला त्या पेटीत टाकत असत. मग मागितलं का नाही, असं विचारल्यावर ते म्हणाले, “पाळकसाहेब, तो फॉर्म अकरा जणांसमोर वाचला जातो. मी त्या अकरांतला एक होतो. कोणाच्या अर्जावर काय बोललं जातं ते मी ऐकलेलं आहे.”

मग मी तो फॉर्म काढून पाहिला. नाव, कुटुंबातल्या माणसांची संख्या, मासिक उत्पन्न, मदतीचं कारण, आणि खाली मंडळीतल्या दोन सभासदांच्या शिफारशीच्या सह्या. म्हणजे अर्ज बैठकीत पोचण्याआधीच दोघांना सगळं सांगावं लागणार, आणि बैठकीत आणखी अकरांना. चाळीस कुटुंबांच्या मंडळीत तेरा जणांना माहीत असलेली गोष्ट सगळ्यांनाच माहीत असते. फॉर्म कुणी दुष्टपणे बनवला नव्हता. पैसे चुकीच्या हाती जाऊ नयेत एवढाच त्यामागचा हेतू, आणि तो साधलाही होता. चुकीच्या हाती पैसे गेले नाहीत, तसे बरोबर हातीही गेले नाहीत.

म्हणून उपदेशाचा प्रश्न बदलला. लोक पुरेसं देतात का, हा प्रश्न या मंडळीपुढे नव्हताच. ज्याला हवं आहे त्याच्यापर्यंत ते पोचतं का, आणि पोचताना त्याचं काय होतं, हा होता. दुसऱ्या अध्यायावर थांबून त्याचं उत्तर मिळणार नव्हतं. शास्त्रपाठासाठी मी 2:42–47, 4:32–5:11 आणि 6:1–7 असे तीन भाग निवडले. एकूण तीस वचनं, तीन वाचकांनी वाचलेली. पाठ नेहमीपेक्षा लांबला, पण हे तुकडे सुटे सुटे वाचले की आद्य मंडळीचं एक गोड चित्र तेवढं हाती लागतं, आणि तिथे प्रत्यक्षात काय घडलं ते निसटतं.

सुरुवात मी यरुशलेमेतल्या गरजेपासून केली. पेंटेकॉस्टच्या दिवशी सुमारे तीन हजार माणसं सामील झाली, असं या पुस्तकाचा लेखक लूक सांगतो. त्यांतले कितीतरी परदेशांतून सणासाठी आलेले होते. प्रेषित स्वतः गालीलातले. त्यांच्या होड्या आणि जाळी काही दिवसांच्या वाटेवर राहिलेली. शिवाय शहरात परदेशातून आलेल्या, ग्रीक बोलणाऱ्या यहूदी विधवा होत्या. आयुष्याची अखेर पवित्र नगरीत व्हावी म्हणून पुष्कळ वयस्क यहूदी तिथे येऊन राहत आणि नवरा वारल्यावर बायको नातेवाइकांपासून दूर एकटी पडे, असं अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे ही पोटापाण्याची व्यवस्था नसलेली, एकमेकांना नीट न ओळखणारी माणसं होती. समाईक जगण्याचा प्रयोग करून पाहू या असं ठरवून कुणी मालमत्ता विकली नव्हती. शेजारी बसलेल्याला आज काही नाही, हे दिसत होतं.

मग सगळ्यांनी सगळं विकलं का? उपासनेनंतर हमखास विचारला जाणारा हा प्रश्न, म्हणून उपदेशातच घेतला. पुस्तकातच याचं उत्तर आहे. पाचव्या अध्यायात पेत्र हनन्याला सांगतो की जमीन विकण्याआधी ती तुझीच होती आणि विकल्यानंतरही पैसा तुझ्याच हाती होता. बाराव्या अध्यायात योहान मार्काच्या आईचं, मरियेचं, घर अजून तिच्याकडेच आहे आणि पुष्कळ जण तिथे प्रार्थनेला जमले आहेत. तिने घर विकलं नाही, उघडं ठेवलं. दुसऱ्या आणि चौथ्या दोन्ही अध्यायांत वाटपाचं माप एकच आहे: ज्याला जशी गरज तसं. म्हणजे आधी गरज समोर येते आणि मग कुणीतरी शेत विकतं. आमच्या मंडळीत क्रम उलटा होता. पैसे आधी जमत आणि मग ते गरजेची वाट पाहत पडून राहत.

याच्या शेजारी मी त्याच काळातलं दुसरं उदाहरण ठेवलं. मृत समुद्राजवळ कुम्रान इथल्या गुहांत 1947 पासून सापडलेल्या गुंडाळ्यांत एका यहूदी पंथाची नियमावली आहे. तिथे नव्या सभासदाची मालमत्ता पहिल्या वर्षानंतर कारभाऱ्याकडे नोंदवली जाई, आणि दुसरं वर्ष पार पडलं की सर्वांच्या मालमत्तेत मिसळली जाई. मालमत्तेबद्दल जाणूनबुजून खोटं बोलणाऱ्याला वर्षभर पंथाच्या शुद्ध भोजनातून वगळलं जाई आणि त्याच्या अन्नाचा चौथा भाग कापला जाई. तिथे सोपवणं हा प्रवेशाचा नियम होता. यरुशलेमेत असा नियम दिसत नाही, आणि म्हणूनच हनन्या आणि त्याची बायको सप्पीरा यांची गोष्ट इतकी बोचते. कमी दिल्याबद्दल पेत्र त्यांना काहीच म्हणत नाही. अर्धं आणून ‘हे अर्धं आहे’ म्हटलं असतं, तर ती गोष्ट लिहिलीच गेली नसती. सगळं दिल्याचा देखावा त्यांनी केला. त्याआधीच्याच वचनांत कुप्रचा लेवी बर्णबा शेत विकून पैसे प्रेषितांच्या चरणी ठेवतो. त्याच्यासारखं दिसायचं होतं, पण त्याच्यासारखं सोडायचं नव्हतं.

गोष्टीत ते दोघे तिथेच मरून पडतात, पण हा भाग मी मृत्यूच्या भीतीवर नेला नाही. लहान मंडळीत याची खूण साधी असते: देणाऱ्यांची नावं वार्षिक सभेत वाचली जातात का? आमच्याकडे वाचली जात, रकमेसकट, उतरत्या क्रमाने. ज्यांची रक्कम तळाशी असे ते सभेला येत नसत, असं खजिनदारांनीच मला सांगितलं. जिथे देणं दिसावं लागतं तिथे घेणंही दिसतं. वरच्या नावांना टाळ्या मिळतात त्याच खोलीत अर्जदाराचं नाव वाचलं जाणार असतं. देणाऱ्याची अब्रू वाढवणारी व्यवस्था घेणाऱ्याची अब्रू त्याच क्षणी उतरवते, आणि हे दोन वेगळे दोष आहेत असं मला वाटत नाही.

उपदेशाचा सगळ्यात मोठा वेळ मी सहाव्या अध्यायाला दिला. इथे पहिल्यांदा तक्रार येते. ग्रीक बोलणाऱ्या यहूद्यांची कुरकुर अशी की रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं. चौथ्या अध्यायात ‘त्यांच्यात कोणी गरजू नव्हता’ असं म्हणणारा लूक हे झाकून ठेवत नाही. मला वाटतं, या पुस्तकाचा खरेपणा इथेच कळतो. वाटप करणारे अरामी बोलणारे स्थानिक होते. मुद्दाम कुणी कुणाला वगळलं असं मजकुरात नाही. ज्यांची भाषा आपली, ज्यांचं घर माहीत, ज्यांची आई आपल्या आईची मैत्रीण, त्यांच्याकडे टोपली आधी पोचते एवढंच. दुर्लक्ष बहुतेकदा असंच होतं, द्वेषाशिवाय.

प्रेषितांनी काय केलं ते बारकाईने पाहण्यासारखं आहे. तक्रार करणाऱ्यांना त्यांनी कृतघ्न म्हटलं नाही. विधवांनी अर्ज करावा असंही सांगितलं नाही. वाटपाचं काम त्यांनी स्वतःच्या हातातून सोडलं आणि मंडळीने निवडलेल्या सात जणांकडे सोपवलं: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना आणि अंत्युखियाचा नीकलाव. सातही नावं ग्रीक आहेत, आणि नीकलाव तर जन्माने यहूदीही नव्हता. त्या काळी स्थानिक यहूद्यांचीही ग्रीक नावं असत, तेव्हा एकट्या नावावरून शंभर टक्के निष्कर्ष काढता येत नाही. पण सातच्या सात नावं तशी असणं योगायोग वाटत नाही. ज्यांच्या विधवा सुटत होत्या, त्यांच्याच माणसांच्या हाती सगळ्यांचं वाटप दिलं गेलं.

यावरून मी मंडळीसमोर एकच विधान ठेवलं. वाटून घेणं तेव्हा खरं होतं, जेव्हा घेणाऱ्याला वाटण्याच्या ठरावात जागा मिळते. पैसा माझा, निर्णय माझा, आणि तुझ्या वाट्याला फक्त आभार, असं असेल तर ते दान आहे. दान चांगलंच. पण या तीस वचनांत जे आहे ते याहून पुढचं आहे.

उपदेशानंतर चर्चेसाठी थांबलेल्यांपैकी एका ज्येष्ठ पंचांनी रास्त शंका काढली. यरुशलेमेची मंडळी पुढे गरीब झाली, पौलाला तिच्यासाठी मासेदोनिया आणि अखया इथून वर्गणी गोळा करावी लागली. मग विकून खाण्याचा हाच परिणाम नाही का? शंका जुनी आहे आणि टाळण्यासारखी नाही. शेत विकलं की त्याचं पुढचं पीक जातं, हे खरंच. पण लूक स्वतः वेगळं कारण नोंदवतो: क्लौद्य कैसराच्या काळातला दुष्काळ. त्या वेळी अंत्युखियाच्या शिष्यांनी प्रत्येकाने आपापल्या ऐपतीप्रमाणे यहूदियातल्या बांधवांना मदत पाठवली, बर्णबा आणि शौल, म्हणजेच पौल, यांच्या हस्ते. शेत विकणारा तोच बर्णबा आता मदत घेऊन परत येतो. करिंथकरांना पौल जे लिहितो (दुसरं पत्र, आठवा अध्याय) तेही इथे लागू पडतं. आज तुमची विपुलता त्यांची उणीव भरेल, उद्या त्यांची विपुलता तुमची उणीव भरेल, समानता व्हावी म्हणून. ज्याने आज दिलं त्याला उद्या लागू शकतं, हे गृहीत धरूनच ही रचना उभी आहे. आमच्या निधीचा फॉर्म ते गृहीत धरत नव्हता. त्यात देणारे आणि अर्जदार असे दोन कायमचे गट होते.

दुसरी शंका आळशी माणसांची. थेस्सलनीकाकरांच्या दुसऱ्या पत्रात काम करायची इच्छा नसलेल्याने खाऊही नये असं आहे, ते कुणीतरी म्हणणारच होतं आणि म्हटलं. तिथे शब्द इच्छेबद्दल आहे, क्षमतेबद्दल नाही. आणि या दोन माणसांतला फरक फॉर्मवरून कधीच कळत नाही, घरी जाणं-येणं असेल तरच कळतो.

पुढच्या दोन महिन्यांत पंचांनी रचना बदलली. फॉर्म रद्द झाला. पेटीतले पैसे दोघे मोजतील आणि वाटपाचा निर्णय दुसरे तिघे घेतील, असं ठरलं. ही कल्पना आमची नाही. मिश्ना या यहूदी धर्मनियमांच्या प्राचीन संग्रहातल्या पेआ या प्रकरणात दानाची पेटी दोघांनी गोळा करावी आणि तिघांनी वाटावी असा नियम आहे. एकट्याच्या हाती पैसाही नाही आणि एकट्याच्या हाती निवाडाही नाही. या तिघांत एक तरी अशी व्यक्ती हवी जिने स्वतः कधी मदत घेतली आहे, ही अट सहाव्या अध्यायावरून घातली. पंचांना ही अट सर्वांत जड गेली. एकाने विचारलं, तिला निवडलं की तिने मदत घेतली होती हे जाहीर होणार नाही का? बरोबर होतं. म्हणून निवड पाळकाने खासगीत विचारून करायची आणि तिघांपैकी कोण त्या अटीवर आलं हे कधीच सांगायचं नाही, असं ठरलं.

ठरावीक रकमेपर्यंत तिघांनी कुणालाही न विचारता द्यावं. त्यावरची रक्कम बैठकीत सांगावी, पण नावाशिवाय. प्रत्येक पावतीवर तिघांपैकी दोघांच्या सह्या. नावांसकट वही वर्षातून एकदा मंडळीबाहेरचा हिशेबतपासनीस पाहतो. वार्षिक सभेत आता दोनच आकडे वाचले जातात, किती आलं आणि किती गेलं. देणाऱ्यांची यादी बंद झाली. वरच्या नावांपैकी एका घराने त्यानंतर देणं बरंच कमी केलं. ते अपेक्षितच होतं आणि त्याबद्दल कुणी त्यांना काही बोललेलं नाही.

पण खरा बदल विचारण्यात झाला. तिघांनी कुटुंबं वाटून घेतली, प्रत्येकाकडे तेरा-चौदा घरं, महिन्यातून एकदा भेट. सगळ्या घरी जायचं, सुस्थितीतल्याही, म्हणजे कुणाच्या दारात कोण उभं आहे यावरून कुजबुज होत नाही. पहिल्या फेरीत “काही अडचण नाही ना?” असं विचारलं गेलं आणि सगळीकडून “नाही, देवाची कृपा आहे” हेच आलं. प्रश्नातच उत्तर दडलेलं होतं. मग तिघांपैकी ज्या ताई जुन्या परिचारिका आहेत त्यांनी प्रश्न बदलला: “या महिन्यात काही पुढे ढकललं का? औषध, फी, भाडं, डॉक्टर?” दुसऱ्याच फेरीत त्यांना एका घरी कळलं की रक्तदाबाची रोजची गोळी एक दिवसाआड घेतली जाते आहे, म्हणजे महिन्याची औषधं दोन महिने पुरतात. त्या घराने ‘अडचण’ हा शब्द स्वतःबद्दल कधीच वापरला नसता.

सगळं सुरळीत झालं नाही. एका देणाऱ्याने मदत घेतलेल्या घरात नवा फोन पाहिला आणि तिघांकडे तक्रार केली. आता नाव गुप्त असताना त्याला कसं कळलं? अंदाजाने. लहान समाजात अंदाज थांबवता येत नाहीत. तिघांनी त्याला होय म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. कुणाच्याही खर्चाची चौकशी करणार नाही, कारण दिलेला पैसा आता निधीचा नाही, एवढंच सांगितलं. मला हे उत्तर योग्य वाटतं. पेत्राने हनन्याला जे म्हटलं, तुझ्या हाती होतं ते तुझंच होतं, ते घेणाऱ्यालाही लागू झालं पाहिजे. दिल्यावरही लगाम हातात ठेवला तर ते वाटणं नव्हे, ताबा ठेवणं झालं.

रचना चालते की नाही हे शिल्लक रकमेवरून ठरवू नका, असं मी पंचांना सांगितलं आहे. त्याऐवजी तीन गोष्टी पाहाव्या. गरज निर्माण झाल्यापासून ती तिघांना कळेपर्यंत किती दिवस गेले. मदत घेतलेलं घर पुढच्या महिन्यात उपासनेला पूर्वीसारखं आलं की मागच्या बाकावर सरकलं. आणि मदत घेतलेलं कुणी नंतर काही देऊ लागलं का, पैसे नसतील तर वेळ, वाहन, रात्रीची सोबत. तिसरी खूण सर्वांत उशिरा दिसते, पण तीच सर्वांत भरवशाची, कारण ज्याला आपण भिकारी ठरलो असं वाटतं तो परत काही देऊ करत नाही, तो दूर जातो.

निधी कुठे अपुरा पडतो हेही आता कळलं आहे. एक वयस्क भगिनी दीर्घ आजारी आहेत, मुलं दूर आहेत. औषधांचा खर्च निधी उचलतो. पण त्यांना रात्री कुणीतरी घरात हवं आहे, आणि ते पैशाने मिळालं तरी परक्याला घरात घ्यायला त्या तयार नाहीत. तिघांनी आठवड्याच्या सात रात्रींची यादी मंडळीपुढे ठेवली. पाच भरल्या. उरलेल्या दोन रात्रींसाठी शेत विकण्याइतकंच जड काहीतरी मागितलं जात आहे, आणि ज्यांनी आजवर पेटीत सर्वांत जास्त टाकलं त्यांच्यापैकी कुणाचं नाव यादीत नाही. पुढच्या बैठकीत तिघं त्यांच्याशी एकेकाला भेटून बोलणार आहेत. यादी भिंतीवर लावायची नाही, हे आधीच ठरलं आहे.